पॅरासिटामॉल घेताना चोवीस तासांचा हिशोब कसा ठेवायचा

ताप आला, अंग मोडून आलं की पॅरासिटामॉल घ्यायचं, हे कोणी शिकवावं लागत नाही. पण किती घेतलं असं विचारलं की उत्तर येतं, "एक गोळी" किंवा "सकाळपासून तीन-चार झाल्या असतील." घोळ तिथेच सुरू होतो. गोळी हे माप नव्हे. एका गोळीत ३२५ मिलिग्रॅम औषध असू शकतं, दुसरीत ५००, तिसरीत ६५०, तर एखादीत १०००. शिवाय सर्दीची, अंगदुखीची, डोकेदुखीची म्हणून जी निराळी गोळी घेतली जाते, तिच्यातही बऱ्याचदा हेच औषध असतं.

ओव्हरडोस म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते कोणीतरी मुद्दाम मूठभर गोळ्या गिळणं. तसं घडतं, आणि त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे. पण मला जास्त सांगायचं आहे ते दुसऱ्या प्रकाराबद्दल. ताप हटत नाही म्हणून दोन-तीन दिवस थोडं जास्त, थोडं लवकर, वेगवेगळ्या नावांनी पॅरासिटामॉल पोटात जात राहतं. कोणीही मुद्दाम काही केलेलं नसतं, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. हा प्रकार टाळणं पूर्णपणे आपल्या हातात आहे. त्यासाठी लागतो एक कागद, एक पेन आणि थोडी बेरीज.

जास्त झालं की नेमकं काय बिघडतं

हे आधी समजून घ्या, म्हणजे पुढचे आकडे नुसते पाठ करावे लागणार नाहीत.

आपण घेतलेलं पॅरासिटामॉल यकृतात जातं. तिथे त्याचा बहुतेक भाग निरुपद्रवी रूपात बदलतो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. एक लहानसा भाग मात्र वेगळ्या वाटेने जातो आणि त्यातून एक विषारी पदार्थ तयार होतो. नेहमीच्या मात्रेत याचा काही त्रास होत नाही, कारण यकृताकडे ग्लुटाथायोन नावाच्या द्रव्याचा साठा असतो. ते त्या विषारी पदार्थाला लगेच पकडून निकामी करतं.

मात्रा वाढली की पहिली वाट अपुरी पडते, जास्त औषध दुसऱ्या वाटेला वळतं आणि साठा झपाट्याने खर्च होतो. साठा फार खाली गेला की तो विषारी पदार्थ थेट यकृताच्या पेशींवर हल्ला करतो आणि त्या मरू लागतात. यावरून दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे एकाच वेळी खूप घेतलं तरच धोका असतो असं नाही. रोज मर्यादेपेक्षा थोडं जास्त घेत राहिलं, तर साठा भरून यायला वेळच मिळत नाही. आणि दुसरी म्हणजे हा साठा सगळ्यांचा सारखा नसतो. दोन दिवस तापामुळे अन्न न गेलेल्या माणसाचा साठा आधीच कमी झालेला असतो.

पहिली पायरी: वेष्टनावर दोनच गोष्टी शोधा

औषधाच्या वेष्टनावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं ते कंपनीने ठेवलेलं नाव. ते बाजूला ठेवा. खाली किंवा मागे बारीक अक्षरांत घटकांची यादी असते, तिथे पॅरासिटामॉल हा शब्द आणि त्याच्यापुढचा मिलिग्रॅमचा आकडा शोधा. अमेरिकेत आणि आणखी काही देशांत याच औषधाला अ‍ॅसिटॅमिनोफेन म्हणतात. परदेशातून कोणी आणून दिलेल्या डबीवर हे नाव असेल, तर ते पॅरासिटामॉलच समजा.

घरात असलेली सगळी औषधं एकदा टेबलावर मांडून हे करून पाहाच. ज्यांच्यात हमखास सापडतं ती म्हणजे सर्दी-तापाच्या मिश्र गोळ्या, गरम पाण्यात टाकून प्यायची सर्दीची पावडर, अंगदुखीच्या किंवा पाठदुखीच्या मिश्र गोळ्या (आयब्युप्रोफेन, अ‍ॅसेक्लोफेनॅक किंवा ट्रॅमाडॉलसोबत), पाळीच्या दुखण्यावरच्या काही गोळ्या आणि काही डोकेदुखीच्या गोळ्या. जिथे सापडेल त्या डबीवर मार्करने "पॅरा ५००" किंवा "पॅरा ३२५" असं ठळक लिहून ठेवा. ताप चढलेला असताना, रात्री दोन वाजता, अर्धवट झोपेत बारीक अक्षरं कोणी वाचत नाही. मोठं लिहिलेलं मात्र दिसतं.

दुसरी पायरी: एका वेळची मात्रा वजनावरून ठरवा

वजन ५० किलो किंवा त्याहून जास्त असलेल्या निरोगी प्रौढ माणसासाठी एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम ही नेहमीची मात्रा आहे. माझा सल्ला असा की सुरुवात खालच्या टोकापासून करा. साध्या तापाला आणि अंगदुखीला ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम बऱ्याच जणांना पुरतं. एका वेळी १००० हे कमाल आहे. त्याच्या वर गेल्याने ताप जास्त उतरत नाही, यकृतावरचा भार मात्र वाढतो.

वजन ५० किलोच्या खाली असेल, तर प्रौढ असूनही "मोठ्या माणसाची मात्रा" आपोआप लागू होत नाही. अशा वेळी एका वेळची कमाल मात्रा किलोमागे १५ मिलिग्रॅम धरा. ४० किलो वजनाच्या आजींना एका वेळी ६०० च्या वर नको. म्हणजे त्यांच्यासाठी ५०० ची एक गोळी ठीक आहे, १००० ची नाही. घरातली किरकोळ, वयस्क माणसं इथे हमखास दुर्लक्षित राहतात.

तिसरी पायरी: दोन डोसमधलं अंतर आणि चोवीस तासांची बेरीज

दोन डोसमध्ये कमीत कमी ४ तास जायला हवेत, ६ तास गेले तर उत्तम. ६५० किंवा १००० मिलिग्रॅमची गोळी घेत असाल, तर ६ तासांचंच अंतर ठेवा. काही गोळ्या पोटात हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात. त्या ८ तासांनी घ्यायच्या असतात, आणि त्या तोडायच्या, चावायच्या किंवा कुटायच्या नाहीत, कारण तसं केलं की बराच काळ पुरायचं औषध एकदम सुटतं.

आता बेरीज. निरोगी, ५० किलोच्या वर वजन असलेल्या प्रौढासाठी २४ तासांत जास्तीत जास्त ४००० मिलिग्रॅम, म्हणजे ४ ग्रॅम. ही शेवटची हद्द आहे, रोज गाठायचं लक्ष्य नव्हे. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर घरच्या घरी ३००० च्या आत राहावं असं मी सांगतो. त्यात ५०० च्या सहा किंवा ६५० च्या चार गोळ्या बसतात, आणि एखादा डोस चुकून जास्त गेला तरी हद्द ओलांडली जात नाही. ५० किलोच्या खाली वजन असलेल्यांनी किलोमागे ६० मिलिग्रॅमच्या आत राहावं, म्हणजे ४० किलोला दिवसाचे २४००.

चोवीस तास कुठून मोजायचे, यावर मात्र जरा थांबायला हवं, कारण इथे हुशार माणसंही चुकतात. समजा एखाद्याने १००० मिलिग्रॅमची गोळी दुपारी २ ला घेतली, मग संध्याकाळी ६ ला आणि रात्री १० ला. तीन गोळ्या झाल्या, चारची मर्यादा आहे, ठीक. मध्यरात्र उलटली, तारीख बदलली, आणि त्याने मनातल्या मनात पाटी कोरी केली. पहाटे २ ला एक आणि सकाळी ६ ला एक. त्याच्या मते काल तीन झाल्या आणि आज दोन. प्रत्यक्षात सोळा तासांत पाच गोळ्या, म्हणजे ५००० मिलिग्रॅम. यकृताला तारीख कळत नाही. म्हणून प्रत्येक गोळी तोंडात टाकण्याआधी घड्याळ पाहा आणि त्या क्षणापासून मागचे चोवीस तास मोजा. काल याच वेळेपासून आतापर्यंत किती गेलं, आणि ही गोळी धरून किती होईल, एवढंच पाहायचं.

एक उदाहरण, पूर्ण हिशोबासकट

पस्तिशीतली एक बाई आहे असं समजू. वजन ४६ किलो. सणसणीत ताप, अंगदुखी आणि वाहणारं नाक. तापासाठी तिच्याकडे ६५० मिलिग्रॅमच्या साध्या गोळ्या आहेत आणि ती त्या अगदी शिस्तीत, दर सहा तासांनी घेते. नाकासाठी सर्दीची मिश्र गोळी दिवसातून तीनदा, तिच्यात ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आहे. पाय फारच ठणकायला लागले म्हणून नवऱ्याच्या पाठदुखीच्या गोळ्यांपैकी दोन, प्रत्येकीत ३२५. तिचा दिवस कागदावर असा दिसतो:

सकाळी ६ : तापाची गोळी, ६५० (एकूण ६५०)
सकाळी ८ : सर्दीची गोळी, ५०० (एकूण ११५०)
दुपारी १२ : तापाची गोळी, ६५० (एकूण १८००)
दुपारी २ : सर्दीची ५०० आणि दुखण्याची ३२५ (एकूण २६२५)
संध्याकाळी ६ : तापाची गोळी, ६५० (एकूण ३२७५)
रात्री १० : सर्दीची ५०० आणि दुखण्याची ३२५ (एकूण ४१००)
रात्री १२ : तापाची गोळी, ६५० (एकूण ४७५०)

तिला विचारलं तर ती खरं तेच सांगेल, "तापाच्या चारच गोळ्या घेतल्या, त्याही सहा-सहा तासांनी." पण पोटात गेले ४७५० मिलिग्रॅम. तिच्या वजनाला किलोमागे १०३. तिने राहायला हवं होतं ६० च्या आत, म्हणजे साधारण २७५० पर्यंत. अंतरही फसलं आहे. रात्री १० ते १२ या दोन तासांत तिने १४७५ मिलिग्रॅम घेतले, म्हणजे तिच्या एका वेळच्या कमाल मात्रेच्या दुप्पट.

एका दिवसाने कदाचित काही होणार नाही. पण ताप तिसऱ्या दिवसापर्यंत राहिला आणि हाच क्रम चालू राहिला, तर? तिसऱ्या दिवशी तिला मळमळायला लागतं, जेवण जात नाही, उलटी होते. घरातले म्हणतात, तापामुळे होतंय, पडून राहा. कोणी म्हणतं, अंग अजून दुखतंय ना, मग घे एक गोळी. मळमळ आणि उलटी ही यकृत अडचणीत असल्याचीही पहिली खूण असू शकते, आणि ती नेमकी तापाच्या आजारात लपून जाते. त्यात पोटात अन्न नाही, म्हणजे ग्लुटाथायोनचा साठाही भरून येत नाही.

यावर उपाय अवघड नाही. तिने तापाची ६५० ची गोळी दिवसातून चार वेळा चालू ठेवली, तर २६०० होतात आणि ती हद्दीच्या आत राहते. मग सर्दीची आणि दुखण्याची मिश्र गोळी पूर्ण बंद. नाकासाठी खारट पाण्याचे थेंब, किंवा डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल नसलेली सर्दीची गोळी. किंवा उलट करावं, सर्दीची मिश्र गोळी तीनदा घ्यावी, पण तिलाच तापाची गोळी समजावं आणि साधी गोळी कपाटात ठेवून द्यावी. नियम एका वाक्यात सांगायचा तर, एका वेळी पॅरासिटामॉल असलेलं एकच औषध चालू ठेवायचं.

वर जसा लिहिला आहे तसाच कागद घरात आजारी माणसाच्या उशाशी ठेवा. वेळ, औषध, मिलिग्रॅम आणि आतापर्यंतची बेरीज. घरात गोळ्या देणारी माणसं दोन असतील तर हा कागद लागतोच. आईने दहाला दिली आणि बाबांनी अकराला पुन्हा दिली, हा प्रकार घरोघरी घडतो.

"घेतली तरी ताप उतरला नाही"

जास्तीच्या डोसचं मूळ बहुतेक वेळा या वाक्यात असतं. गोळी घेतल्यावर परिणाम जाणवायला अर्धा ते एक तास लागतो, आणि ताप पूर्ण खाली यायला त्याहून जास्त. वीस मिनिटांनी कपाळाला हात लावून "काही फरक नाही" म्हणणं म्हणजे औषधाला संधीच न देणं. परिणाम चार ते सहा तास टिकतो, मग ताप पुन्हा चढू शकतो. आजार संपेपर्यंत असंच चालतं, कारण पॅरासिटामॉल तापाचं कारण मारत नाही. ते ताप थोडा खाली आणतं आणि दुखणं कमी करतं, एवढंच.

ताप १०३ वरून १०१ अंश फॅरनहाइटवर आला, रोगी पाणी पितोय, बोलतोय, झोप लागतेय, तर औषधाने आपलं काम केलं. थर्मामीटरवर ९८ दिसलाच पाहिजे हा हट्ट सोडा. मधल्या वेळात पातळ कपडे, खेळती हवा आणि भरपूर पाणी. सहा तास व्हायच्या आत दुसरी गोळी घ्यावीशी वाटतेय इतका त्रास असेल, तर ती वेळ गोळीची नाही, डॉक्टरांना विचारण्याची आहे.

काही जण मध्ये आयब्युप्रोफेनची गोळी घालतात. कारण माहीत नसलेल्या तापात, विशेषतः डेंग्यूची शक्यता असताना, आयब्युप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने घेऊ नये, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

मुलांना देताना: मिलीलिटर नव्हे, मिलिग्रॅम

मुलांचा डोस वयावरून किंवा अंदाजाने नको, वजनावरून. किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम एका वेळी, दोन डोसमध्ये ४ ते ६ तास, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय द्यायचं नाही. इतक्या लहान बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल, तर औषधाचा विचार बाजूला ठेवून लगेच डॉक्टरकडे न्या.

मुलांमधली सर्वांत धोकादायक चूक बाटली बदलल्यावर होते. पातळ औषध वेगवेगळ्या तीव्रतेचं मिळतं. १० किलो वजनाचं मूल घ्या. त्याची एका वेळची कमाल मात्रा १५० मिलिग्रॅम. बाटलीवर "५ मिलीलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम" लिहिलं असेल, तर १५० मिलिग्रॅमसाठी सव्वासहा मिलीलिटर लागतात. "५ मिलीलिटरमध्ये २५०" असेल तर फक्त ३ मिलीलिटर. आणि बाळांसाठीच्या थेंबांमध्ये बऱ्याचदा एका मिलीलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असतात, म्हणजे तिथे दीड मिलीलिटर पुरे.

आता पाहा काय होतं. आईला सवय आहे सहा मिलीलिटर द्यायची. जुनी बाटली संपली, नवी आली २५० ची. रंग तोच, चव तीच, तिने सहा मिलीलिटर दिलं. गेले ३०० मिलिग्रॅम, दुप्पट. तेच सहा मिलीलिटर चुकून थेंबांच्या बाटलीतून दिलं, तर ६०० मिलिग्रॅम, म्हणजे पूर्ण दिवसाचा कोटा एका घोटात. बाळाचं औषध म्हणजे सौम्य असणार, हा समज म्हणूनच उलटा आहे. थेंब जास्त तीव्र असतात, कारण बाळ थोडंच गिळू शकतं.

हिशोब असा करायचा. वजन गुणिले १५, म्हणजे हवे असलेले मिलिग्रॅम. त्याला एका मिलीलिटरमध्ये असलेल्या मिलिग्रॅमने भागायचं, म्हणजे द्यायचे मिलीलिटर. नवी बाटली उघडली की प्रत्येक वेळी हे नव्याने करा, उत्तर बाटलीवर चिकटपट्टीने लावा आणि शंका असेल तर फार्मासिस्टकडून तपासून घ्या. मापायला बाटलीसोबत आलेलं मापाचं झाकण किंवा ड्रॉपर, किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा. घरातले चमचे लहान-मोठे असतात, त्यांचा भरवसा नाही. एका औषधाचा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीत वापरायचा नाही. बाटली नीट हलवून घ्या, कारण काही औषधं खाली बसतात आणि शेवटचे डोस जास्त तीव्र होतात.

औषध दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत मुलाने सगळं उलटून टाकलं, तर तोच डोस एकदा पुन्हा देता येतो. अर्धा तास उलटून गेल्यावर उलटी झाली, तर पुढच्या वेळेपर्यंत थांबा. गुदद्वारातून द्यायच्या गोळ्याही पॅरासिटामॉलच्याच असतात, त्याही त्याच बेरजेत धरायच्या.

कोणी आधी विचारल्याशिवाय घेऊ नये

ज्यांना यकृताचा आजार आहे, जे रोज किंवा भरपूर दारू पितात, जे फार कृश आहेत किंवा बरेच दिवस नीट जेवलेले नाहीत, त्यांची सुरक्षित हद्द वरच्या आकड्यांपेक्षा खाली असते. अनेकदा २००० मिलिग्रॅमच्या आत ठेवतात, पण ती डॉक्टरांनीच ठरवायची. फिट्सवरची फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन किंवा क्षयरोगावरची आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन ही औषधं चालू असतील तरी आधी विचारा, ती यकृतावर परिणाम करतात. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल आणि पॅरासिटामॉल काही दिवस रोज घ्यावं लागणार असेल, तर डॉक्टरांना कळवा, कारण त्याने वॉरफरिनचा परिणाम वाढू शकतो.

हिशोब बरोबर असला तरी तीन दिवसांच्या वर ताप राहिला, तर स्वतःच्या मनाने घेणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. मान ताठ होणं, अंगावर पुरळ, दम लागणं, सतत उलट्या, बडबड किंवा गुंगी यांपैकी काही दिसलं तर तीन दिवसांची वाट पाहायची नाही.

हद्द ओलांडली असेल तर

आधी किती गेलं ते पाहा. एखादी गोळी सहाऐवजी तीन तासांनी घेतली गेली, पण दिवसाची बेरीज हद्दीच्या आत आहे, तर घाबरू नका. पुढचा डोस उशिरा घ्या आणि कागदावर नोंदवा.

चोवीस तासांत ४००० मिलिग्रॅमच्या वर किंवा किलोमागे ७५ मिलिग्रॅमच्या वर गेलं असेल, तर तब्येत ठणठणीत वाटत असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. अनेक दिवस जास्त जात राहिलं असेल, तर हे आणखी महत्त्वाचं. आणि एकाच वेळी भरपूर गेलं असेल, मुलाने बाटली तोंडाला लावली असेल, किंवा कोणी मुद्दाम घेतल्या असतील, तर हिशोब करत बसू नका, थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. मुद्दाम घेतलेल्या माणसाला एकटं सोडू नका. तो "मी ठीक आहे, आता काही नको" म्हणाला तरी न्या, रागावू नका, सोबत राहा.

पॅरासिटामॉलच्या बाबतीत सगळ्यात फसवी गोष्ट हीच आहे, की पहिल्या दिवशी फार काही जाणवत नाही. थोडी मळमळ, थोडा घाम, कधी तेही नाही. एक-दोन दिवसांनी बरगड्यांखाली उजवीकडे दुखायला लागतं. डोळे पिवळे होणं, सहज रक्त येणं, भ्रम होणं हे आणखी पुढे, साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी, तोवर यकृताचं मोठं नुकसान झालेलं असतं. म्हणून लक्षणांची वाट पाहून निर्णय घेता येत नाही.

उतारा मात्र उत्तम आहे. अ‍ॅसिटिलसिस्टीन नावाचं औषध यकृताला ग्लुटाथायोन पुन्हा तयार करायला मदत करतं. औषध गेल्यापासून ८ तासांच्या आत ते सुरू झालं, तर यकृताला गंभीर इजा बहुधा टळते. उशीर झाला तरी त्याचा उपयोग होतोच, म्हणून आठ तास उलटले तरी जायचं. एकदम घेतलेल्या औषधासाठी डॉक्टर साधारण चार तासांनंतर रक्तातलं पॅरासिटामॉलचं प्रमाण मोजतात आणि त्यावरून उपचार ठरवतात. थोडं थोडं करून जास्त गेलेलं असेल तर हे प्रमाण एकट्याने पुरेसं सांगत नाही. तिथे यकृताच्या तपासण्या लागतात, आणि काय, कधी, किती घेतलं ही माहिती सर्वांत मोलाची ठरते.

निघताना घरी उलटी करवू नका, मीठपाणी पाजू नका. सगळ्या रिकाम्या आणि अर्ध्या स्ट्रिप्स, बाटल्या, सर्दीची पावडर, जे जे घेतलं असेल ते पिशवीत भरा. त्यासोबत उशाजवळचा तो वेळा लिहिलेला कागद घ्या. तो नसेल, तर रुग्णालयात पोचेपर्यंत रिकामी छिद्रं मोजून आठवेल तसा लिहून काढा, आणि माणसाचं वजन वर लिहा.